पुढच्या वाढदिवसाला किती दिवस उरले? शीटमध्ये अचूक आकडा काढण्याची रीत

सोसायटीतल्या सभासदांची, वर्गातल्या मुलांची किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्यांची जन्मतारखांची यादी बहुतेक ठिकाणी आधीच तयार असते. तिच्याच शेजारी 'वाढदिवसाला उरलेले दिवस' असा एक रकाना हवा असतो, म्हणजे यादी त्यावर लावली की पुढचा वाढदिवस आपोआप वर येईल. वजाबाकीचे काम दिसते, पण तीन ठिकाणी चुकते. यंदाचा वाढदिवस होऊन गेला असेल तर उत्तर उणे येते. पुढच्या वर्षात जाताना ३६५ मिळवले तर काही वर्षांत एका दिवसाची चूक पडते. आणि कोणी २९ फेब्रुवारीला जन्मलेले असेल, तर चारपैकी तीन वर्षांत त्यांची तारीखच कॅलेंडरमध्ये नसते. ही तिन्ही ठिकाणे सांभाळणारा तक्ता गूगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये कसा करायचा ते इथे पाहू. फॉर्म्युले दोन्हीकडे सारखेच चालतात.

आधी जन्मतारखा तपासा

A रकान्यात नाव, B मध्ये जन्मतारीख अशी मांडणी धरू. पहिल्या ओळीत शीर्षके, दुसऱ्या ओळीपासून माहिती. फॉर्म्युला लिहिण्याआधी B मधल्या तारखा खरोखर तारखा आहेत का ते पाहायला हवे, कारण बऱ्याच चुका इथेच होतात आणि नंतर दोष फॉर्म्युल्यावर जातो.

शीटच्या दृष्टीने तारीख म्हणजे एक आकडा असतो. ५ नोव्हेंबर २०२६ हा आत `46331` म्हणून साठवलेला असतो आणि २० ऑगस्ट २०२६ हा `46254` म्हणून. दोन तारखांची वजाबाकी करता येते ती त्यामुळेच: ४६३३१ वजा ४६२५४ म्हणजे ७७ दिवस. पण सेलमध्ये टाइप केलेले शीटला तारीख म्हणून कळले नाही, तर ते नुसता मजकूर म्हणून पडून राहते. ओळखायची खूण सोपी आहे. तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या कडेला. खात्री करायची असेल तर बाजूच्या रिकाम्या रकान्यात `=ISNUMBER(B2)` लिहून खाली ओढा. जिथे `FALSE` येईल ती नोंद दुरुस्त करा.

याहून लबाड चूक दिवस आणि महिन्याची अदलाबदल. आपण ५ नोव्हेंबरसाठी `05/11/2008` लिहितो. पण शीट अमेरिकन पद्धतीवर असेल तर ती हे ११ मे असे वाचते, आणि काहीही तक्रार करत नाही. `20/11/2008` मात्र तिला वाचता येत नाही, कारण विसावा महिना नसतो, म्हणून ते मजकूर म्हणून राहते. म्हणजे रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर उजवीकडच्या 'बरोबर' वाटणाऱ्या तारखाही संशयास्पद समजा. गूगल शीट्समध्ये `File` मधल्या `Settings` मध्ये `Locale` भारत करा. एक्सेल संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर चालते. सेटिंग बदलल्यावर आधी उलट्या वाचल्या गेलेल्या तारखा आपोआप सुलट होत नाहीत, त्या पुन्हा टाइप कराव्या लागतात. शेवटी B रकान्याला महिना अक्षरांत दिसेल असा फॉरमॅट द्या, जसे `05-Nov-2008`. मग अदलाबदल नुसत्या नजरेला दिसते.

२९ फेब्रुवारीची प्रत्येक नोंद इथेच पाहून घ्या. कोणी `29/02/2007` लिहून दिले असेल तर ती तारीख अस्तित्वातच नव्हती, आणि शीट ती मजकूर म्हणून डावीकडे ठेवते. इथे अंदाजाने २८ किंवा १ करू नका. वर्ष चुकले की दिवस, हे त्या व्यक्तीला विचारूनच ठरवा.

आजची तारीख एकाच सेलमध्ये

`TODAY()` प्रत्येक फॉर्म्युल्यात घुसवायचा मोह होतो. तसे करू नका. H1 हा एकच सेल आजच्या तारखेसाठी राखून ठेवा आणि सगळे फॉर्म्युले त्याच्याकडे बघू द्या. सुरुवातीला त्यात `TODAY()` नको, हाताने एक ठरावीक तारीख लिहा. या लेखातल्या हिशेबासाठी २० ऑगस्ट २०२६ लिहू. याचा फायदा असा की H1 मध्ये २८ फेब्रुवारी, १ मार्च, ३१ डिसेंबर अशा अवघड तारखा घालून तक्ता लगेच पारखता येतो. लीप वर्ष उगवायची वाट पाहावी लागत नाही.

यंदाचा वाढदिवस

C रकान्यात जन्मतारीख चालू वर्षात आणून ठेवायची. त्यासाठी `EDATE` वापरू. हे फंक्शन दिलेल्या तारखेपासून सांगितले तितके महिने पुढे जाते. जन्मवर्षापासून चालू वर्षापर्यंत जितकी वर्षे झाली, त्यांच्या बारापट महिने पुढे गेलो की यंदाची तारीख मिळते.

```
=EDATE($B2,12*(YEAR($H$1)-YEAR($B2)))
```

५ नोव्हेंबर २००८ ला जन्मलेल्या मुलीसाठी २०२६ वजा २००८ म्हणजे १८ वर्षे, म्हणजे २१६ महिने. उत्तर ५ नोव्हेंबर २०२६. सेलमध्ये तारखेऐवजी `46331` दिसले तर घाबरू नका, तो तोच आतला आकडा आहे. सेलला तारखेचा फॉरमॅट दिला की नीट दिसेल.

होऊन गेला असेल तर पुढच्या वर्षाचा

D रकाना ठरवतो की यंदाची तारीख घ्यायची की पुढच्या वर्षाची.

```
=IF(C2>=$H$1,C2,EDATE($B2,12*(YEAR($H$1)+1-YEAR($B2))))
```

आणि E मध्ये साधी वजाबाकी:

```
=D2-$H$1
```

D मधल्या फॉर्म्युल्यात दोन गोष्टी मुद्दाम तशा आहेत. पहिली म्हणजे `>=`. नुसते `>` लिहिले तर ज्या दिवशी वाढदिवस आहे नेमक्या त्याच दिवशी शीट म्हणते की तो होऊन गेला, आणि शून्याऐवजी ३६५ किंवा ३६६ दाखवते. रोज सकाळी यादी उघडून वरची ओळ पाहणाऱ्याला त्या दिवशी ती व्यक्ती सगळ्यात खाली सापडते. शुभेच्छा हुकण्याचे इतके पक्के कारण दुसरे नाही.

दुसरी गोष्ट: पुढच्या वर्षाची तारीख काढताना आपण पुन्हा मूळ जन्मतारखेपासून, म्हणजे B पासून निघालो. C मध्ये यंदाची तारीख तयार होती, तिच्यात एक वर्ष मिळवणे सोपे दिसते. त्याने काय बिघडते ते आता दोन उदाहरणांवर पाहू.

१ मे ला जन्मलेल्या माणसाचा हिशेब करू. आज २० ऑगस्ट २०२६, म्हणजे १ मे होऊन गेला. हाताने मोजायचे तर ऑगस्टचे उरलेले ११, सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१, वर्षअखेरपर्यंत १३३. पुढे जानेवारी ३१, फेब्रुवारी २८, मार्च ३१, एप्रिल ३० आणि मे चा १, हे १२१. एकूण २५४. आता `C2+365` केले असते तरी इथे २५४ च आले असते, आणि फॉर्म्युला बरोबर वाटला असता. H1 मध्ये २० ऑगस्ट २०२७ घाला. आता वाटेत २०२८ चा २९ फेब्रुवारी येतो, म्हणून खरे उत्तर २५५. `C2+365` मात्र ३० एप्रिल २०२८ वर जाऊन थांबते आणि २५४ च सांगते. ही चूक तक्ता बनवल्यावर कदाचित वर्षभर दिसणार नाही, आणि दिसेल तेव्हा १ मार्च किंवा त्यानंतर जन्मलेल्या, त्या वर्षीचा वाढदिवस होऊन गेलेल्या सगळ्यांना लागू होईल. ३६५.२५ ने भागाकार-गुणाकार करणारे फॉर्म्युलेही याच कारणाने कधी एक दिवस पुढे, कधी मागे पडतात.

२९ फेब्रुवारीचे काय करायचे

२९ फेब्रुवारी २००८ ला जन्मलेल्या मुलाची ओळ घ्या. H1 मध्ये २० ऑगस्ट २०२६. यंदाची तारीख C मध्ये २८ फेब्रुवारी २०२६ आली, ती होऊन गेली. D मध्ये २८ फेब्रुवारी २०२७. उरलेले दिवस १३३ अधिक ३१ अधिक २८, म्हणजे १९२.

ही २८ तारीख कोणी ठरवली? `EDATE` ने. पुढच्या महिन्यात तो दिवस नसेल तर `EDATE` त्या महिन्याचा शेवटचा दिवस देते. यादी बनवणारे बरेच जण `EDATE` ऐवजी `DATE` वापरतात:

```
=DATE(YEAR($H$1),MONTH($B2),DAY($B2))
```

बाकी ३६५ तारखांसाठी दोन्हींचे उत्तर तंतोतंत सारखे येते. फक्त २९ फेब्रुवारीला वाटा फुटतात. `DATE(2027,2,29)` चूक दाखवत नाही, २८ नंतरचा एक दिवस पुढच्या महिन्यात ढकलून १ मार्च २०२७ देते. मग उरलेले दिवस १९३. यात एक बरोबर आणि दुसरे चूक असे नाही. या दोन रूढी आहेत आणि जगात दोन्ही चालतात. सज्ञान होण्याचा दिवस मोजताना तैवानचा कायदा महिन्याचा शेवटचा दिवस धरतो, तर हाँगकाँगचा कायदा बिगर-लीप वर्षी १ मार्च धरतो. धोका फक्त एका गोष्टीत आहे: आपण फंक्शन निवडले म्हणजे नकळत रूढीही निवडली, हे लक्षात न येणे. C मध्ये `EDATE` आणि D मध्ये `DATE` असे मिसळले तर त्याच मुलाचा वाढदिवस एका वर्षी २८ ला आणि दुसऱ्या वर्षी १ ला जातो.

सर्वसाधारण यादीसाठी `EDATE` बरे. महिना फेब्रुवारीच राहतो, आणि आठवण एक दिवस उशिरा येण्यापेक्षा एक दिवस आधी आलेली परवडते. पण हा वाढदिवस त्या व्यक्तीचा आहे, आणि बिगर-लीप वर्षी तो कधी मानायचा हे तिने ठरवलेले असते. म्हणून विचारा. १ मार्च पाळणाऱ्यांच्या ओळीत F रकान्यात `1` लिहा, आणि C चा फॉर्म्युला असा करा:

```
=IF($F2=1,
 DATE(YEAR($H$1),MONTH($B2),DAY($B2)),
 EDATE($B2,12*(YEAR($H$1)-YEAR($B2))))
```

D मध्ये `IF` च्या शेवटच्या भागात हेच, फक्त `YEAR($H$1)` च्या जागी `YEAR($H$1)+1`. एखाद्याच ओळीत वेगळा फॉर्म्युला हाताने लिहून ठेवू नका. नंतर कोणी वरचा फॉर्म्युला खाली ओढला की तो पुसला जातो आणि कळतही नाही.

आता मागे ठेवलेला प्रश्न: C मधून पुढे का जायचे नाही? H1 मध्ये २० ऑगस्ट २०२७ घाला. याच मुलाची C मधली तारीख २८ फेब्रुवारी २०२७. `EDATE(C2,12)` लिहिले असते तर २८ फेब्रुवारी २०२८ मिळाला असता आणि १९२ दिवस. पण २०२८ लीप वर्ष आहे! चार वर्षांनी त्याची खरी तारीख उगवली आणि तक्त्याने ती घालवली. C मध्ये एकदा २८ झाला की मूळ दिवस २९ होता ही माहिती तिथेच हरवते. B पासून निघालो तर २९ फेब्रुवारी २०२८ मिळतो, आणि १३३ अधिक ३१ अधिक २९ म्हणजे १९३ दिवस. २९ फेब्रुवारीच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि ज्यांना वर्षानुवर्षे वाट पाहायला लागते त्यांच्याच वाट्याला ती येते.

काही जणांना खऱ्या २९ लाच वाढदिवस मानायचा असतो. २० ऑगस्ट २०२६ पासून २९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत ५५८ दिवस होतात. यासाठी 'दर चौथे वर्ष' एवढे पुरत नाही, कारण शंभराने भाग जाणारे वर्ष चारशेने भाग गेल्याशिवाय लीप नसते. २००० लीप होते, २१०० नसेल. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. १९०० लीप नव्हते, म्हणून त्यांच्या जन्मानंतरचा पहिला २९ फेब्रुवारी थेट १९०४ मध्ये, आठ वर्षांनी आला.

आणि एक्सेलमध्ये त्यांची जन्मतारीख टाकून पाहिलीत तर ती डावीकडेच चिकटेल. एक्सेलचे कॅलेंडर १ जानेवारी १९०० पासून सुरू होते, त्यामागची कोणतीही तारीख त्याला मजकूर वाटते. शिवाय लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावे म्हणून एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस खरा मानते. आजच्या याद्यांत त्याचा त्रास होत नाही. १ मार्च १९०० पासून पुढचे सगळे आकडे सरळ आहेत.

दिसणाऱ्या चुका आणि त्यांचे मूळ

E मध्ये ७७ ऐवजी `17/03/1900` दिसले तर हिशेब बरोबर आहे, फक्त कपडे चुकीचे आहेत. ७७ या आकड्याला तारखेचा फॉरमॅट मिळाला की तो १९०० मधला ७७ वा क्रमांक होऊन बसतो. रकान्याला साधा संख्येचा फॉरमॅट द्या.

B रिकामा असेल तरी शीट त्याला शून्य समजून मोजत सुटते, आणि नाव नसलेल्या ओळीसमोर वर्षअखेरची भलतीच तारीख उभी राहते. म्हणून C, D आणि E तिन्हींतले फॉर्म्युले असे गुंडाळा: `=IF($B2="","", … )`, ठिपक्यांच्या जागी आपला आधीचा फॉर्म्युला, सुरुवातीचे `=` सोडून.

सगळ्या ओळींत नेमका एक दिवस जास्त येत असेल, आणि तेही फक्त सकाळी, तर टाइम झोन पाहा. गूगल शीट्समध्ये प्रत्येक फाइलचा स्वतःचा टाइम झोन असतो, तो त्याच `Settings` मध्ये दिसतो. न्यू जर्सीतल्या भावाने बनवलेली कुटुंबाची यादी पुण्यात उघडली, तर उन्हाळ्यात भारतात सकाळचे साडेनऊ वाजेपर्यंत त्या फाइलसाठी कालचाच दिवस चालू असतो. हिवाळ्यात तिथली घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा साडेदहापर्यंत. यादी जिथे पाहून फोन केले जातात तिथला टाइम झोन ठेवा. एक्सेल मात्र आपल्या संगणकाचे घड्याळ पाहते.

H1 मध्ये चुकून `NOW()` लिहिले तर E मध्ये ७६.५८ असे अपूर्णांक येतात, कारण त्यात वेळही असते. त्याहून वाईट म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी मध्यरात्र उलटून गेल्याबरोबर C हा H1 पेक्षा लहान ठरतो आणि वाढदिवस पुढच्या वर्षावर जातो. `TODAY()` मध्ये वेळ नसते, म्हणून तेच हवे.

खरी तारीख लावण्याआधी पारख

H1 मध्ये एकेक तारीख घालून २९ फेब्रुवारी २००८ च्या, F रिकामा असलेल्या ओळीतला E वाचा. २८ फेब्रुवारी २०२७ ला ० यायला हवा. १ मार्च २०२७ ला ३६५, कारण आता पुढचा मुक्काम २९ फेब्रुवारी २०२८. २८ फेब्रुवारी २०२८ ला १, आणि २९ ला ०. F मध्ये `1` टाकून पुन्हा पाहा: २८ फेब्रुवारी २०२७ ला १ आणि १ मार्चला ०, पण २९ फेब्रुवारी २०२८ ला तरीही ०, कारण लीप वर्षी दोन्ही रूढी एकाच दिवशी येतात. मग ३१ डिसेंबर २०२६ घालून १ जानेवारीच्या जन्माची ओळ पाहा, तिथे १ हवा. E रकान्यात कुठल्याही दिवशी ० ते ३६५ च्या बाहेरचा आकडा येताच कामा नये. `=MIN(E2:E)` आणि `=MAX(E2:E)` कोपऱ्यात लिहून ठेवले की एका नजरेत कळते. एक्सेलमध्ये `E2:E` चालत नाही, तिथे `E2:E500` असे लिहा.

एवढे जुळले की H1 मध्ये `=TODAY()` लिहा आणि यादी E वर चढत्या क्रमाने लावा. ही क्रमवारी रोज आपोआप बदलत नाही. आकडे बदलतात, ओळी तिथेच राहतात. गूगल शीट्समध्ये दुसऱ्या पानावर `=SORT(Sheet1!A2:E,5,TRUE)` लिहिले तर तिथली यादी रोज नव्याने लागते. पहिल्या पानाचे नाव वेगळे असेल तर `Sheet1` च्या जागी ते लिहा.

ज्या घरांत वाढदिवस तिथीने करतात, त्यांच्या ओळींना हा फॉर्म्युला लागू नाही. तिथी इंग्रजी तारखेच्या तुलनेत दर वर्षी साधारण ११ दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते, जसा २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. अशांसाठी पंचांगात पाहून यंदाची तारीख D मध्ये थेट लिहा, त्या सेलला वेगळा रंग द्या, आणि नवे पंचांग आले की ती बदला.